तीस दिवसांचा दादा

दुपारी दोनच्या सुमाराला दादा फाईलमध्ये यायचा. त्याला जाऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते.

पहिल्यांदा पाहिलं ते पट्टीने. पट्टी म्हणजे आमच्याकडचा आकृत्या काढणारा. खिशात कायम स्टीलची पट्टी, म्हणून नाव पट्टी. आमचं ऑफिस तिघांचं: मशीन कसं वापरायचं त्याची पुस्तकं आम्ही लिहितो. कंपनी मशीन बनवते, आम्ही ते माणसांना समजेल असं सांगतो. दादा लिहायचा, पट्टी चित्रं काढायचा आणि मी, दादाची धाकटी बहीण, दादाने लिहिलेलं साफ करायची. त्यामुळे दादा मला रबर म्हणायचा.

तर त्या दुपारी पट्टी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि काही बोलेचना.

"काय रे, तोंडात गुळणी धरलीस का?"

"ताई, जरा लॉन्ड्रीची फाईल उघडा."

उघडली. हॉस्पिटलांच्या नि हॉटेलांच्या लॉन्ड्रीत असतं तसलं भलंमोठं धुलाईचं मशीन, त्याचं पुस्तक आम्ही करत होतो. फाईल आमची सगळ्यांची एकच, इंटरनेटवरची. जो उघडेल त्याच्या नावाचा गोल वरच्या कोपऱ्यात दिसतो. माझा तपकिरी, पट्टीचा निळा. आणि शेजारी हिरवा. दादा.

मी भूतबीत मानत नाही, पण तो हिरवा गोल बघून भीती वाटली, खोटं कशाला सांगू? सातव्या प्रकरणात हिरवी रेघ लुकलुकत उभी होती. ती एका जागी थांबली, मग गेली. गोलही गेला.

"कुठेतरी चालू राहिलं असेल," मी म्हटलं.

"हो, तसंच असणार," पट्टी म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत त्याने एकही रेघ ओढली नाही.

कोण होतं ते कळावं म्हणून मी फाईलचा इतिहास उघडला. या सोयीत प्रत्येक बदल साठवलेला असतो: कोणी, कधी, काय लिहिलं, काय खोडलं. जुनी तारीख दाबली की फाईल त्या दिवशी होती तशी समोर येते. लिहिलेलं ज्याच्या त्याच्या रंगात, खोडलेल्यावर खोडणाऱ्याच्या रंगाची आडवी रेघ. आज दुपारच्या नोंदीत दादाच्या नावावर काय होतं? एक मोकळी जागा. शेवटच्या वाक्यानंतर एक स्पेस, बस्स. काल दुपारीही तीच स्पेस दिलेली आणि मग काढलेली. परवाही.

पण ते बघता बघता मी खाली गेले आणि तिथे मला दादा सापडला. खराखुरा, जिता असतानाचा.

दादाची एक खोड होती. कोरडं वाक्य त्याला थेट सुचायचंच नाही. आधी तो मशीन चालवणाऱ्या माणसाशी भांडायचा. "अरे बाबा, दार ओढू नकोस, आत पाणी आहे, न्हाऊन निघशील!" असं लिहायचा आणि चहाला जायचा. परत आला की ते खोडून लिहायचा: पाणी पूर्णपणे बाहेर गेल्याशिवाय दार उघडू नये. लगेच लिहून लगेच खोडलं असतं तर कदाचित नोंदच राहिली नसती, कारण फाईल काही प्रत्येक अक्षर वेगळं ठेवत नाही, थोड्या थोड्या वेळाचं गाठोडं बांधते. पण दादाचा चहा म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. तेवढ्यात त्याची सगळी बडबड गाठोड्यात जाऊन बसायची.

मी त्या दिवशी हसले. रडले तर होतेच, पण हसलेसुद्धा. "साबणाच्या कप्प्यात साबणच घाल रे शहाण्या, तुझं डोकं नको." "हे वाक्य रबर खाणार, पैज." खरंच खाल्लं होतं मी ते. पुढच्या नोंदीत त्यावर माझी तपकिरी रेघ होती.

मी ठरवलं, सगळ्यात जुन्या दिवसापासून वाचत यायचं, पुरवून पुरवून. रोज एक दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी इतिहास उघडला आणि काल खालून पहिला असलेला दिवस तिथे नव्हता. वाटलं, माझीच नजर चुकली. तिसऱ्या दिवशी आणखी एक नव्हता.

आता खरी भीती वाटली. हिरव्या गोलाची वाटली होती त्याहून जास्त. कोणीतरी खालून दादा कुरतडत होतं.

फाईलची सोय देणाऱ्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. बाई शांत आवाजाची होती.

"मॅडम, कोणी काही काढत नाहीये. तुमचा प्लॅन साधा आहे. साध्यात मागचे तीस दिवस ठेवले जातात. रोज नवा दिवस वर चढतो, एकतिसावा खालून जातो. फाईलमधला आत्ताचा मजकूर जसाच्या तसा राहतो हं. जातात ती जुनी रूपं."

"मला आत्ताचा मजकूर घेऊन काय डोंबल करायचंय? मला जुनंच हवंय."

"मग वरचा प्लॅन घ्या. व्यवसायवाल्या प्लॅनला एकशे ऐंशी दिवस मिळतात, त्याच्या वरच्याला एक वर्ष."

"म्हणजे वरचा घेतला की गेलेले दिवस परत येतील?"

"नाही मॅडम. ज्या दिवशी प्लॅन वाढवाल त्या दिवशी जे शिल्लक असेल, त्याची मुदत वाढते. मुदत संपून गेलेलं परत आणता येत नाही. आणि नंतर पुन्हा साध्यावर आलात, तर पुन्हा तीसच."

"मग आत्ता वाढवा. लगेच."

बटणांचा आवाज आला. "तुमच्या नावाने नाही होणार. प्लॅन फक्त खात्याचा मालक बदलू शकतो." आणि तिने मालकाचं नाव वाचून दाखवलं. दादाचं.

मी सांगितलं मालक कुठे आहे ते. बिचारीने आधी माफी मागितली. मग म्हणाली, मालकी दुसऱ्याच्या नावावर करता येते, मृत्यूचा दाखला पाठवा, तपासणी होते, काही आठवडे धरून चाला. तोवर इतिहास थांबवून ठेवायची सोय त्यांच्याकडे नाही.

बैल गेला आणि झोपा केला, अशातली गत व्हायची. प्लॅन निवडला होता दादानेच. मी तेव्हा विचारलंही होतं, थोडा वरचा घ्यायचा का. तर म्हणाला, "मागचं उकरून काढायला आपण काय पुराणवस्तू खातं आहोत? तीस दिवस रग्गड झाले."

दादाच्या नावाने आत शिरावं म्हटलं, तर पासवर्ड मला पाठ होता, पण नव्या कॉम्प्युटरवरून शिरलं की त्याच्या फोनवर कोड जातो. फोन बंद. फोन होता वहिनीकडे. लॅपटॉपही तिच्याकडेच.

आणि वहिनीचं नि माझं बोलणं बंद होतं.

दादा गेला तो ऑफिसातच. चहाला म्हणून उठला आणि जिन्यात बसला तो बसलाच. हॉस्पिटलच्या त्या लांबलचक व्हरांड्यात वहिनी मला म्हणाली, "खाल्लंत ना त्याला तुमच्या पुस्तकांनी? आता पोट भरलं?" मी ऐकून घेणारी नाही. नाकावर राग घेऊनच जन्मलेय. मी म्हटलं, "घरी सुख असतं तर इतका वेळ इथे बसला असता का?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्यानंतर आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

तर फोन मागायचा म्हणजे तिच्या दारात जायचं. शहाण्या बाईने त्याच संध्याकाळी चप्पल घातली असती. मी काय केलं? नकला काढल्या. फाईलची प्रत केली, तर प्रतीला इतिहासच नाही, ती त्या क्षणी जन्मलेली. मग एकेक जुनं रूप उघडून मजकूर नव्या फाईलमध्ये चिकटवला. दादाची वाक्यं आली खरी, पण सगळी तपकिरी. दादा भांडतोय आणि लिहिणारी मी. मला ते बघवेना. पट्टी म्हणाला, फोटो काढू पडद्याचे. दोघं बसून काढत राहिलो. एका दिवसाच्या इतक्या नोंदी, की सगळ्यात खालचा दिवस निम्मा होईपर्यंत तो गळून गेलेला असायचा.

"ताई," पट्टी शेवटी म्हणाला, "एक बोलू? रागावणार नसाल तर."

"रागावणार. बोल."

"घर वीस मिनिटांवर आहे."

मी रागावले. त्याला म्हटलं तू तुझ्या रेघा ओढ. आणि आणखी दिवस घालवले. सुंभ जळतो, पीळ जळत नाही म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच. रोज सकाळी मी आधी इतिहास बघायची आणि रोज दादा एका दिवसाने कमी असायचा. साबणाचा कप्पा गेला. पैज गेली. रोज दुपारी दोनला तो हिरवा गोल मात्र नेमाने यायचा, स्पेस द्यायचा, जायचा. त्या वेळी पट्टी खिडकीत जाऊन उभा राहायचा. मी पडद्याकडे बघत बसायची आणि माझ्या तोंडून निघायचं, "कोण आहेस रे?"

एका सकाळी खाली फक्त एकच दिवस उरला. दादाचा शेवटचा. उद्या तोही जाणार होता. मी पर्स उचलली. पट्टीने दार उघडून धरलं.

वहिनीने दार उघडलं तेव्हा मी बोलायचं काय ते विसरून गेले. ती निम्मी झाली होती.

"ये," ती म्हणाली. एवढंच.

आत जेवणाच्या टेबलावर दादाचा लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर लॉन्ड्रीची फाईल, सातवं प्रकरण: दार उघडत नसेल तर. हिरवी रेघ लुकलुकत होती.

मी त्या रेघेकडे बोट दाखवलं. "वहिनी, ती तू?"

"मग कोणाला वाटलं?"

"पट्टीला तर भूतच वाटलं. मलाही."

तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग म्हणाली, "मला त्यानेच दाखवलं होतं एकदा, हे मागचं कसं बघायचं. तो गेल्यावर रोज बघत होते. मग एक दिवस खालचा दिवस दिसेना. रोजच एक जायला लागला. मला वाटलं, माणूस येत नाही म्हणून काढून टाकत असतील. गैरहजर माणसाचं नाव कमी करतात तसं. म्हणून मी रोज दुपारी, त्याच्या चहाच्या वेळेला, त्याच्या नावाने हजेरी लावते. एक जागा सोडते, आदली काढते. तो आहे असं वाटावं त्यांना."

"अगं वहिनी, त्याने काही होत नाही गं. फाईलला कोणी हात लावला की नाही, याच्याशी त्याचा संबंधच नाही. जो बदल ज्या दिवशी झाला त्या दिवसापासून त्याचे तीस दिवस. तू आज केलेला बदल आजचा. त्याचा जुना तो जुनाच."

"म्हणजे मी रोज बसत होते ते..."

"हो."

तिने डोळ्याला पदर लावला आणि रडली, जोरात, लहान पोरासारखी. मीही रडले. व्हरांड्यातलं ते वाक्य तसंच मधे पडलेलं होतं, तर मी म्हटलं, "वहिनी, मी त्या दिवशी घाण बोलले. सुखाबद्दलचं." ती म्हणाली, "मी काय कमी बोलले? सोड आता." आणि मग, नाक पुसत: "पण तुला हे ठाऊक होतं तर इतके दिवस कुठे मेली होतीस?"

"येत नव्हते," मी म्हटलं. "पीळ." तिने मान हलवली. तिला पीळ माहीत होता, आमच्या दोघां भावंडांतला.

"आता काही करता येतं का?"

"आज येतं. उद्या नाही."

मी तिच्याच समोर त्याच्या नावाने प्लॅन बदलायचं पान उघडलं. व्यवसाय, एकशे ऐंशी दिवस. बटण दाबलं तर पडद्याने पुन्हा ओळख मागितली: तुमच्या फोनवर कोड पाठवला आहे.

वहिनी उठली. कपाटातून फोन आणला, चार्जरला लावला आणि नुसतीच बघत बसली. बटण दाबेना.

"मी दाबू?"

"नको. मीच दाबते."

फोन सुरू झाला आणि सगळे निरोप एकदम यायला लागले. टिंग, टिंग, टिंग. थांबेचनात. महिनाभर माणसं त्याला काहीबाही पाठवत होती. कोणाला माहीतच नव्हतं. कोणीतरी विचारत होतं, फोन का लागत नाही रे. दोघी हातात हात घालून तो आवाज संपायची वाट बघत बसलो. मला वाटलं तो आतल्या खोलीतून ओरडेल, अरे कोणाचा फोन वाजतोय. मी खरोखर दाराकडे पाहिलं. वहिनीनेही पाहिलं.

सगळ्यात वर कोड होता. मी आकडे टाकले. प्लॅन बदलला.

इतिहास पुन्हा उघडला. गेलेले दिवस आले नाहीत, येणारही नव्हते. पण शेवटचा दिवस तिथे होता, आणि तो आता पुढचे पाच महिने कुठे जाणार नव्हता.

"वाच," वहिनी म्हणाली. "मी हा दिवस अजून उघडला नाही. धीर नाही झाला."

मी त्या दिवसाची शेवटची नोंद दाबली. जिन्यात बसण्याआधीची. सातवं प्रकरण, दार अडकलं तर काय करायचं. हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं:

"अरे, धक्के नको मारूस. दोन मिनिटं थांब. आतलं आत निवू दे. दार उघडणारच आहे, पळून कुठे जातंय?"

लिहून तो चहाला उठला होता. परत येऊन खोडणार होता, नेहमीसारखं. परत आला नाही. म्हणजे हे वाक्य त्याने खोडलेलंच नव्हतं. मग आत्ताच्या मजकुरात का नाही? मी वर वर आले. तो गेल्यावर नवव्या दिवशी कंपनीला सातवं प्रकरण पाठवायचं होतं. त्या दिवशीची नोंद. हिरव्या अक्षरांवर आडवी रेघ, तपकिरी. खाली माझ्या हातचं: मशीन थंड होईपर्यंत दोन मिनिटे थांबावे.

मला ते केल्याचं आठवतही नव्हतं. दिसली दादाची बडबड की खोड, इतकी सवय. शेवटचं वाक्य तो उघड्यावर ठेवून गेला होता, फाईलमध्ये, जिथून कोणताही प्लॅन काही काढत नाही. ते मी काढलं.

वहिनीने रंग ओळखला. तिने नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला. मला त्याचंच जास्त लागलं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "एकशे ऐंशी दिवस झाले की?"

"एक वर्षवाला प्लॅन आहे."

"आणि त्यानंतर?"

तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. आत्ताच्या फाईलवर आली, माझं वाक्य निवडलं, खोडलं. आणि एकेक अक्षर शोधत, एका बोटाने, दादाचं वाक्य पुन्हा लिहिलं. हिरव्या रंगात. मी ते बघत होते. माझा हात सवयीने पुढे झाला आणि मी तो मांडीखाली घेतला.

छपाईआधी कंपनीच्या इंजिनियरचा फोन आला. "मॅडम, सातव्यात ते 'पळून कुठे जातंय' राहिलंय बहुतेक. काढून टाकता ना?"

"राहिलेलं नाही," मी म्हटलं. "ठेवलंय. लॉन्ड्रीतली माणसं घाईत असतात, धक्के मारतात आणि हात भाजून घेतात. हे वाचून थांबतील."

त्याने ते वाक्य फोनवरच पुन्हा एकदा वाचलं. मग हसला. "थांबतील खरे," म्हणाला.

दादाचा गोल आता मालक म्हणून मी काढून टाकू शकते. दाखला दिला, तपासणी झाली, खातं माझ्या नावावर आलं. काढलेला नाही. परवा दुपारी, दोनच्या सुमाराला, मी नव्या पुस्तकाची फाईल उघडून बसले होते. पट्टी त्याच्या टेबलावर मान खाली घालून रेघा ओढत होता. वरच्या कोपऱ्यात हिरवा गोल आला. हिरवी रेघ पहिल्याच पानावर येऊन थांबली, लुकलुकत.

मी लिहिलं: जेवलीस का?

मग एकेक अक्षर, सावकाश, दादाच्या नावाने: जेवले. तू?

मी लिहिलं, हो. एरवी हे सगळं मी लगेच पुसलं असतं. तशीच उठले, पट्टीला म्हटलं चल रे, आणि अर्ध्या तासासाठी चहाला गेले.